गटाच्या फोटोवरून चित्र : प्रत्येक जण आपल्या जागी, आपल्या उंचीत, आपल्या कपड्यांत



वर्षाच्या शेवटी निरोप समारंभाचा एक गटफोटो प्रत्येक शाळेत निघतो. त्यावरून हाताने रंगवलेलं चित्र करून शाळेच्या भिंतीवर लावावं किंवा निवृत्त होणाऱ्या व्यक्तीला भेट द्यावं, अशी कल्पना बऱ्याच ठिकाणी पुढे येते. चित्र तयार होतं, रंगही छान लागतात. पण ते पाहायला मुलं जमली की एखादी मुलगी विचारते, "यात मी कुठे आहे?" शेजारची मैत्रीण बोट ठेवून दाखवते आणि ती म्हणते, "ही मी नाही." चित्रात माणसं नऊच्या नऊ असतात, पण ती एकाच साच्यातून काढल्यासारखी झालेली असतात.

असं का होतं? चित्र सोपं करताना आपण नाक-डोळे गाळतो, घड्या गाळतो, बारकावे गाळतो. ते गाळायलाच हवेत, त्याशिवाय फोटोचं चित्र होणार नाही. पण हात एकदा सोपं करायला लागला की तो उंचीही सारखी करतो, दोन माणसांमधलं अंतरही सारखं करतो आणि गणवेशही छापल्यासारखा करतो. चेहरा गाळल्यावर ओळख उरते ती याच तीन गोष्टींत: जागा, उंची आणि कपडे. म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी या तीन गोष्टी मोजून कागदावर पक्क्या करायच्या आणि मगच शैलीला हात घालायचा.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ.

आपला नमुना फोटो

एका छोट्या शाळेतल्या चौथीच्या निरोपाचा फोटो समजा. नऊ माणसं आहेत. नावांऐवजी क्रमांक देऊ, म्हणजे काम करताना गोंधळ होणार नाही. क्रमांक नेहमी आपल्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या, डावीकडून द्यायचे.

मागे उभे: १ वर्गातला सर्वांत उंच मुलगा, २ मुख्याध्यापक सर, ३ वर्गशिक्षिका बाई, ४ पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, डोक्यावरून पदर घेतलेल्या.
मध्ये बाकावर: ५ सर्वांत लहान चणीची मुलगी, ६ आणि ७ दोघी मैत्रिणी, डोक्याला डोकं लावून.
पुढे जमिनीवर मांडी घालून: ८ स्वेटर घातलेला मुलगा आणि ९ अगदी उजव्या टोकाला बसलेला मुलगा.

जागा : चौकटींचा नकाशा

फोटोची ए-४ कागदावर प्रिंट काढा. प्रिंटवर फोटोचं माप २४ × १८ सेंमी येईल असं पाहा. त्यावर पट्टीने २ सेंमीच्या चौकटी आखा. आडव्या १२, उभ्या ९ बसतात. चित्रासाठी ए-३ आकाराचा जाड कागद घ्या आणि त्यावर ३ सेंमीच्या तितक्याच चौकटी अगदी फिक्या पेन्सिलने आखा. चित्र ३६ × २७ सेंमीचं होईल आणि चारही बाजूंना थोडा समास राहील. म्हणजे प्रिंटवरचं कोणतंही माप दीडपट केलं की चित्रातलं माप मिळतं. हे गणित चौथी-पाचवीची मुलंही करतात.

आता माणसं काढायची नाहीत. प्रत्येक चेहऱ्याच्या मध्यावर, साधारण दोन डोळ्यांच्या मध्ये, एक ठिपका द्यायचा आणि तो मोठ्या कागदावरच्या त्याच चौकटीत न्यायचा. नऊ ठिपके झाले की शेजारी क्रमांक लिहा. कागदाकडे लांबून पाहिलंत तर नुसत्या ठिपक्यांतही त्या दिवशीचा गट दिसेल: ६ आणि ७ चिकटलेले, ९ एकटा टोकाला, २ सगळ्यांच्या वर. पुढे काहीही बदललं तरी हे नऊ ठिपके हलवायचे नाहीत.

ठिपक्यांबरोबर आणखी एक नोंद हवी, कोण कोणाच्या पुढे आहे याची. एका चिठ्ठीवर साध्या शब्दांत लिहा: "५ च्या मागे १ आणि २, ७ च्या मागे ४, ६ चा खांदा ७ च्या पुढे." पेन्सिलने काढताना पुढची माणसं आधी काढायची आणि मागच्यांचा जेवढा भाग दिसतो तेवढाच जोडायचा. उलट क्रमाने काढलं की मागच्या माणसाचा हात पुढच्याच्या अंगावरून जातो आणि खोडाखोड वाढते.

इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली, ट्रेसिंग पेपरची. काही जण चौकटींऐवजी ट्रेसिंग पेपरवर रेघा उमटवून तो कागद उलटा ठेवून घासतात. त्यामुळे सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं आणि १ नंबरचा मुलगा उजवीकडे जातो. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटोही कधीकधी असाच उलटा साठवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. साडीचा पदर सहसा नेसणारीच्या डाव्या खांद्यावरून जातो आणि शर्टाचा खिसाही छातीच्या डाव्या बाजूला असतो. समोरून पाहताना या दोन्ही गोष्टी आपल्या उजव्या हाताला दिसायला हव्यात. दोन्ही डावीकडे दिसल्या तर काम तिथेच थांबवा आणि फोटो सुलटा करून घ्या.

दुसरी अडचण कडेच्या माणसाची. मोबाईल जवळ धरून सगळ्यांना एका फोटोत बसवलं की कडेची माणसं आडवी ताणली जातात. आपल्या फोटोत ८ च्या डोक्याची रुंदी १.७ सेंमी आहे आणि त्याच रांगेतल्या ९ ची २ सेंमी. ९ चं डोकं खरोखर मोठं नाही, ती भिंगाची करामत आहे. त्याचा ठिपका तिथेच ठेवा, पण डोक्याची आणि खांद्यांची रुंदी ८ च्या मापाने घ्या. तसं केलं नाही तर चित्रात तो बिचारा जाडा दिसतो आणि त्यावरून वर्गात हसू होतं. नवीन फोटो काढायचा असेल तर चार-पाच पावलं मागे जा आणि दोन्ही कडांना मोकळी जागा सोडून फोटो घ्या.

उंची : पायापासून नव्हे, एका रेघेपासून

गटफोटोत मागच्यांचे पाय दिसत नाहीत, बसलेल्यांची उंची कळत नाही. मग मोजायचं कुठून? बाकाच्या पुढच्या कडेवरून प्रिंटभर एक आडवी रेघ ओढा. फोटो थोडा तिरपा असेल तर रेघ कागदाच्या कडेला समांतर न ठेवता बाकाला धरून ओढा. आता त्या रेघेपासून मागच्या चौघांच्या डोक्याच्या टोकापर्यंत मोजा. आपल्या नमुन्यात मापं अशी येतात: १ मुलगा ७.९ सेंमी, २ सर १०.४, ३ बाई ९.३, ४ मावशी ८.९. दीडपट करून चित्रात ती साधारण ११.९, १५.६, १४ आणि १३.४ होतील.

बाई आणि मावशी यांच्यातला फरक चित्रात फक्त ६ मिलिमीटरचा आहे. नुसत्या नजरेने काढलं तर नेमका हाच फरक पुसला जातो, कारण शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका हात आपोआप एका रेषेत आणतो. म्हणून मोजायचं. दोन शेजाऱ्यांतला फरक ३ मिलिमीटरपेक्षा कमी येत असेल तर तो वाढवून ५ मिलिमीटर करा. एवढी सूट चित्रकाराला आहे. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: फरक वाढवला तर चालतो, पण क्रम मोडायचा नाही. कोण कोणापेक्षा उंच, हे त्या माणसांना पक्कं माहीत असतं आणि मुलं तर सगळ्यात आधी तेच तपासतात.

बसलेल्या मुलांची उंची डोक्यावरून कळत नाही. ती पायांवरून कळते. ५ नंबरच्या मुलीचे पाय बाकावरून लोंबतात, जमिनीला टेकत नाहीत. ६ आणि ७ चे टेकतात. चित्रात पाय "नीट" दिसावेत म्हणून कोणी ५ चे पाय जमिनीपर्यंत ओढले की ती मैत्रिणींएवढी होते आणि तिची ओळख संपते. ते लोंबणारे पाय म्हणजेच तिची उंची. तसंच जमिनीवर मांडी घालणाऱ्यांचं. ८ ताठ बसलाय, ९ थोडा वाकून. हा पाठीचा बाक ठेवा.

शैली : सर्वांना एकच नियम

आता शैली ठरवायची. आपल्याकडे पटकन सुचते ती वारली. दोन त्रिकोण टोकाला जोडून झालेलं शरीर, वर गोल डोकं. तारप्याभोवती फेर धरलेली माणसं त्यात सुंदर दिसतात, पण तिथे ती एकमेकांसारखी असण्यातच फेराची गंमत आहे. आपलं काम उलट आहे. इथे नऊ वेगळी माणसं दिसायला हवीत. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची गर्दीची चित्रं मुलांना जरूर दाखवा. गर्दीतल्या प्रत्येकाची अंगकाठी आणि पेहराव निराळा. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही. माणसाची ओळख बाह्यरेषेत कशी राहते, एवढंच त्यातून पाहायचं.

या नमुन्यासाठी सपाट रंगांची शैली घेऊ: जाड बाह्यरेषा, सावली नाही, डोळे म्हणजे दोन ठिपके, तोंड म्हणजे एक रेघ, नाक नाही. आणि डोकी थोडी मोठी, कारण मोठी डोकी मुलांना आवडतात आणि केस, चष्मा, कुंकू दाखवायला जागा मिळते.

डोकी किती मोठी करायची? हे आवडीवर सोडू नका. गटातली सगळ्यात जवळची जोडी शोधा. आपल्याकडे ती ६ आणि ७. चित्रात त्यांच्या ठिपक्यांमधलं अंतर ३ सेंमी आहे आणि डोक्याची रुंदी २.४ सेंमी. दीडपट केलं तर डोकं ३.६ सेंमी होईल आणि दोन डोकी ६ मिलिमीटरने एकमेकांवर चढतील. १.२ पट केलं तर साधारण २.९ सेंमी होईल आणि दोघी डोक्याला डोकं लावून, पण दोन वेगळ्या मुली राहतील. म्हणून सगळ्यांसाठी १.२ पट. मागे सरांच्या बाजूला भरपूर जागा आहे म्हणून त्यांचं डोकं जास्त मोठं करायचं नाही. नियम एकच हवा, नाहीतर उंचीचा आणि वयाचा हिशेब बिघडतो.

डोकं मोठं करताना ठिपका मध्यावर धरून चारी बाजूंनी वाढवा. त्यामुळे डोक्याचं टोक थोडं वर जाईल, पण सगळ्यांचं जवळपास सारखंच जाईल, त्यामुळे क्रम टिकेल. हनुवटीही खाली येते, तेव्हा मान आखूड करा. खांदे आहेत तिथेच राहू द्या. खांदे खाली ढकलले की मागच्या माणसांचे खांदे पुढच्यांच्या डोक्यामागे गडप होतात.

नियम एकच असण्यात आणखी एक गोष्ट येते. सरांचा चष्मा, मिशी, शर्टाची बटणं सगळं नीट काढायचं आणि कडेच्या मावशींची नुसती आकृती, असं नकळत होतं. काढायला बसलेला माणूस मधल्यांवर वेळ घालवतो आणि कडेला येईपर्यंत कंटाळतो. त्यावर उपाय म्हणजे कडेपासून सुरुवात करायची: ४, ९, १, ५, आणि सर शेवटी. त्वचेचा रंगही सर्वांना एकच फिका गुलाबी देऊ नका. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांच्या मिश्रणातून तीन-चार छटा आधीच तयार करा आणि फोटो समोर ठेवून प्रत्येकाला त्याची छटा द्या. "गोरं दाखवलं तर बरं दिसेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आपण रंगवतोय ती माणसं याच वर्गातली आहेत.

कपडे : आकार, गडदपणा आणि एक खूण

प्रत्येकाच्या कपड्यांसाठी फक्त तीन गोष्टी टिपा. पहिली, बाहेरचा आकार. दुसरी, तो कपडा फिका, मध्यम की गडद. तिसरी, एकच खूण. एका कागदावर नऊ ओळींचा तक्ता करा. मावशींची ओळ अशी होईल: डोक्यावरून पदर, त्यामुळे डोकं आणि खांदा एकाच उतारात, साडी गडद, खूण म्हणजे रुंद काठ. बाईंची ओळ: मोकळा खांदा, पदराच्या निऱ्या पिन लावून, साडी मध्यम, खूण म्हणजे बारीक बुट्टे. साडीवरची सगळी फुलं काढायच्या फंदात पडू नका. सात-आठ बुट्टे विरळ पेरले की साडी बुट्ट्यांची आहे हे कळतं. मावशींच्या साडीवर एकही नको, तिथे काठच बोलू द्या.

खरी कसोटी गणवेशाची. पाच मुलांचा आकाशी सदरा आणि निळा खालचा कपडा अगदी सारखा. रंगात फरक करायचा नाही, तो खोटा होईल. पण फोटो नीट पाहिला तर गणवेश सारखा असूनही तो प्रत्येकाच्या अंगावर वेगळा बसलेला असतो. १ वर्षभरात वाढलाय, त्याच्या बाह्या आखूड झाल्यात. ५ चा सदरा मोठ्या बहिणीचा, बाही कोपराच्या खाली येते. ६ च्या दोन वेण्या लाल रिबिनीच्या, ७ ची एकच वेणी पुढे घेतलेली. ९ चा सदरा एका बाजूने बाहेर आलाय. या खुणा ठेवायच्या की नाहीत, हे मात्र त्या मुलाला विचारून ठरवा. बाहेर आलेला सदरा ९ ला गमतीचा वाटेल. मोठी बाही ५ ला कदाचित नको असेल, मग तिच्या केसांतली पिन खूण म्हणून घ्या. सहावा विद्यार्थी ८ स्वेटरमुळे आपोआप वेगळा आहे.

रंग भरल्यावर एक तपासणी करा. चित्राचा मोबाईलवर फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करा. शेजारच्या दोघांचे कपडे एकमेकांत मिसळून एकच करडा डाग दिसत असेल तर तिथे माणसं हरवली. आपल्या नमुन्यात बाईंची हिरवी साडी आणि तिच्यापुढे येणारा ६ चा आकाशी सदरा असे मिसळू शकतात, कारण रंग वेगळे असले तरी दोन्ही मध्यम आहेत. साडीचा हिरवा बदलून लाल करायची गरज नाही. तोच हिरवा एक पायरी गडद करा. बाईंना आपली साडी ओळखू येईल आणि ६ पुढे उठून दिसेल.

रंग भरण्याआधी : सावलीची परीक्षा

ही तपासणी वर्गात मुलांकडून करून घ्या. पेन्सिलचं काम झालं की चित्रावर बटर पेपर ठेवा आणि नऊही आकृत्या बाहेरच्या रेषेपर्यंत काळ्या भरा. जिथे दोन माणसं एकमेकांना लागतात तिथे बारीक पांढरी फट सोडा. चेहरे नाहीत, रंग नाहीत, नुसत्या सावल्या. आता ज्या मुलांनी चित्र काढलेलं नाही त्यांना विचारा, यात कोण कुठे आहे?

उंचीवरून, पदरावरून, वेण्यांवरून, लोंबणाऱ्या पायांवरून मुलं भराभर ओळखतात. जी सावली ओळखता येत नाही तिथे काय कमी आहे ते मुलांनाच विचारा. आपल्या नमुन्यात अडायची शक्यता आहे ती ८ वर, कारण त्याची खूण स्वेटर ही रंगातली आहे, आकारातली नाही. सावलीत तो नुसता मांडी घातलेला मुलगा. मग फोटो पुन्हा पाहायचा. त्याचे दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले आहेत, फक्त बोटांची टोकं दिसतात. ते काढलं की सावलीही त्याची झाली. चेहरा काढण्याआधी जो ओळखू आला, तो चेहरा काढल्यावर हरवत नाही.

शेवटी एक छोटा कागद

त्याच सावल्यांच्या बटर पेपरवर १ ते ९ क्रमांक पांढऱ्या रंगाने लिहा आणि खाली नऊ नावं. फ्रेम करताना हा कागद चित्राच्या मागे चिकटवा. चित्र भिंतीवर पंधरा-वीस वर्षं राहतं. तोवर शिक्षक बदलतात, मुलं गाव सोडतात. कोणी चित्र उतरवून मागे पाहिलं तर बाकावरून पाय लोंबणारी ती मुलगी कोण होती, हे त्याला नावानिशी कळेल.

आपल्या शाळेत हा उपक्रम केलात तर सावलीच्या परीक्षेत कोणती आकृती अडली आणि कोणत्या खुणेने ती सुटली, तेवढं जरूर कळवा.